सोलर इन्व्हर्टरची वाय-फाय स्टिक आणि २.४ गिगाहर्ट्झचा हट्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गच्चीवरचं सोलर सुरू झालं, वीज तयार होऊ लागली, आणि मग इन्व्हर्टरच्या खाली लावलेली ती छोटी स्टिक घरच्या वाय-फायला जोडायची वेळ आली की बरेच जण तिथेच अडतात. ॲप म्हणतं, "२.४ गिगाहर्ट्झ नेटवर्क वापरा", आणि पुढे सरकतच नाही. याबद्दल मला सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही स्टिक नक्की करते काय? ती वाय-फायला जोडली नाही तर वीज तयार व्हायची थांबेल का?

नाही, थांबणार नाही. पॅनेलमधून आलेल्या विजेचं रूपांतर करून ती घराला देणं हे इन्व्हर्टरचं काम आहे आणि त्याला इंटरनेटची गरज नसते. स्टिक फक्त निरोप्या आहे. ती इन्व्हर्टरकडून व्होल्टेज, करंट, आत्ताची पॉवर, आजचे युनिट असे आकडे विचारून घेते आणि दर काही मिनिटांनी, बहुतेक वेळा पाच मिनिटांनी, कंपनीच्या सर्व्हरवर पाठवते. तुमचं ॲप ते आकडे सर्व्हरवरून वाचतं. म्हणूनच तुम्ही बाहेरगावी असलात तरी ॲपमध्ये ते दिसतात.

आजचे युनिट आणि सुरुवातीपासूनचे एकूण युनिट यांची नोंद इन्व्हर्टर स्वतःच्या आत ठेवतो. त्यामुळे स्टिक आठवडाभर बंद राहिली तरी जोडल्यावर एकूण आकडा बरोबर दिसतो. मधल्या दिवसांच्या आलेखात मात्र खड्डा राहू शकतो. म्हणजे घाई करण्यासारखं काही नाही, शांतपणे जोडा.

एक काळजी घ्या. काही स्टिकचं टोक यूएसबीसारखं दिसतं. ते चार्जरमध्ये किंवा लॅपटॉपला लावून पाहू नका, कारण आकार सारखा असला तरी आतल्या तारांची जोडणी वेगळी असू शकते.

२. घरात ५ गिगाहर्ट्झचं वेगवान वाय-फाय असताना ॲप जुना २.४ बँडच का मागतं?

बँड म्हणजे वाय-फायच्या लहरींचा पट्टा, आणि स्टिकमधल्या रेडिओला दुसरा बँड ऐकूच येत नाही. या स्टिकमध्ये स्वस्त, कमी वीज खाणारी वाय-फाय चिप असते आणि ती फक्त २.४ वर चालते. पाच मिनिटांतून एकदा थोडेसे आकडे पाठवायचे असतात, त्याला वेग लागतच नाही. आणि खरं सांगायचं तर या जागेसाठी २.४ हाच योग्य बँड आहे. इन्व्हर्टर सहसा गच्चीजवळ असतो आणि राउटर खाली दिवाणखान्यात. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंती आणि स्लॅबमध्ये लवकर विरतो, २.४ त्यापेक्षा जास्त लांब पोहोचतो. ॲपचा हट्ट गैरसोयीचा आहे, पण त्यामागचं कारण खरं आहे.

राउटरच्या नावामागे `5G` असं दिसलं तर त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी संबंध नाही. तिथे त्याचा अर्थ ५ गिगाहर्ट्झ एवढाच. स्टिकला ते नाव कधीच दिसणार नाही.

३. माझा फोन आत्ता कोणत्या बँडवर आहे हे कसं ओळखायचं?

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये वाय-फायच्या यादीत जोडलेल्या नेटवर्कच्या तपशिलात जा. तिथे `Frequency` या ओळीत बँड लिहिलेला असतो. काही ॲप मेगाहर्ट्झमध्ये आकडा दाखवतात: २४१२ ते २४७२ या दरम्यान असेल तर २.४ चा बँड, ५१८० किंवा त्याहून जास्त असेल तर ५ चा. आयफोनच्या सेटिंगमध्ये ही ओळ सापडली नाही तर प्रश्न ४ मध्ये सांगितलेल्या राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. तिथे प्रत्येक उपकरणापुढे त्याचा बँड दिसतो.

४. माझ्या राउटरवर एकच नाव दिसतं. दोन बँड वेगळे कसे करायचे?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे. आजचे राउटर दोन्ही बँड एकाच नावाखाली दाखवतात आणि कोणत्या उपकरणाला कोणता बँड द्यायचा हे स्वतः ठरवतात. फोन राउटरजवळ असला की त्याला ५ वर ढकललं जातं. ॲप फोनचा बँड पाहतं आणि तुम्हाला अडवतं.

राउटरचं पान ब्राउझरमध्ये उघडा. त्याचा पत्ता आणि पासवर्ड सहसा राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो. वायरलेसच्या विभागात `Smart Connect` किंवा `Band Steering` असा पर्याय शोधा आणि बंद करा. तो बंद झाला की दोन्ही बँडसाठी नाव आणि पासवर्डचे वेगळे रकाने उघडतात.

आता इथे एक गोष्ट नीट ठरवा. जुनं नाव २.४ ला ठेवायचं आणि ५ ला नवं नाव द्यायचं, की उलट? माझं मत स्पष्ट आहे: जुनं नाव २.४ कडेच राहू द्या आणि ५ च्या नावाला `_5G` जोडा. घरातले बल्ब, कॅमेरे, प्रिंटर अशी २.४ वरच चालणारी बरीच उपकरणं जुन्या नावानेच जोडलेली असतात. ते नाव ५ ला दिलंत तर ती सगळी एकदम तुटतील आणि प्रत्येक नव्याने जोडावी लागेल. फोन आणि टीव्ही नव्या नावाला जोडायला एक मिनिट लागतं.

सेव्ह केल्यावर राउटर वाय-फाय बंद करून पुन्हा सुरू करतो. दोनेक मिनिटं थांबा, फोन २.४ च्या नावाला जोडा, प्रश्न ३ प्रमाणे खात्री करा आणि मगच ॲप उघडा.

५. राउटरमध्ये बँड वेगळे करण्याची सोयच नाही, किंवा मेश आहे, म्हणजे घरभर एकच नेटवर्क पसरवणारे अनेक राउटर आहेत. मग?

तीन वाटा आहेत. मी ज्या क्रमाने सुचवतो त्याच क्रमाने सांगतो.

पहिली, गेस्ट नेटवर्क. बऱ्याच राउटरमध्ये पाहुण्यांसाठीचं नेटवर्क फक्त २.४ वर सुरू करता येतं. मेशमध्ये काही वेळा `IoT Network` नावाने हीच सोय असते. स्टिक कायमची याच नेटवर्कवर ठेवली तरी चालते. किंबहुना ते जास्त चांगलं, कारण तिला फक्त इंटरनेट लागतं, घरातल्या लॅपटॉपशी तिचं काही काम नसतं. फक्त त्या नेटवर्कला साधा पासवर्ड असावा. ब्राउझरमध्ये पान उघडून लॉगिन करावं लागत असेल तर स्टिकला ते जमणार नाही.

दुसरी, ५ चा बँड तेवढ्यापुरता बंद करणं. काही मेश ॲपमध्ये तो थोड्या मिनिटांसाठी थांबवण्याचं बटण असतं.

तिसरी वाट म्हणजे लांब जाणं. फोन घेऊन राउटरपासून दूर जा, दोन-तीन भिंती मध्ये येऊ द्या. ५ चा सिग्नल क्षीण झाला की फोन आपोआप २.४ वर उतरतो. बँड उतरलेला दिसला की तिथूनच जोडणी सुरू करा. इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर असेल तर त्याच्याजवळ उभं राहिल्यावर हे बरेचदा आपसूकच होतं. मात्र जिथे राउटर आणि इन्व्हर्टर शेजारी-शेजारी आहेत तिथे ही युक्ती उपयोगाची नाही.

६. ॲप जोडणीच्या दोन पद्धती विचारतं. कोणती निवडू?

निवड मिळत असेल तर स्टिकच्या स्वतःच्या हॉटस्पॉटची पद्धत निवडा. दोन्हींत नेमकं काय होतं ते समजून घ्या, मग ॲपच्या वागण्याचा उलगडा होतो.

हॉटस्पॉटच्या पद्धतीत स्टिक स्वतःचं एक लहान वाय-फाय सुरू करते. त्याच्या नावात सहसा तिचा अनुक्रमांक असतो, उदाहरणार्थ `AP_` आणि पुढे आकडे. फोन त्याला जोडला जातो, तुम्ही घरच्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड देता, स्टिक ते लक्षात ठेवते आणि राउटरकडे वळते. यात फोन घरच्या नेटवर्कवर कोणत्या बँडला होता याने प्रत्यक्षात काही बिघडत नाही. तरी ॲप तपासतं, कारण ते फोन ज्या नेटवर्कवर आहे त्याचंच नाव आपोआप भरतं. नाव हाताने लिहू देणारं ॲप असेल तर २.४ चं नाव लिहा आणि पुढे जा.

दुसऱ्या पद्धतीला `SmartConfig`, `SmartLink` किंवा नुसतं 'झटपट जोडणी' म्हणतात. यात फोन आणि स्टिक एकमेकांना जोडलेले नसतातच. फोन घरच्या वाय-फायवर डेटाची पाकिटं सोडत राहतो आणि पासवर्ड त्या पाकिटांच्या लांबीत दडवतो. नेटवर्क कुलूपबंद असल्यामुळे स्टिकला पाकिटातला मजकूर वाचता येत नाही, पण पाकीट किती लांब आहे हे हवेतून मोजता येतं. लांब्यांच्या त्या मालिकेतून ती नाव आणि पासवर्ड जुळवते. आता फोन ५ वर बोलत असेल तर २.४ वर कान लावून बसलेल्या स्टिकला काहीच ऐकू येणार नाही. म्हणून या पद्धतीत ॲपची अट अगदी रास्त आहे. ही पद्धत गजबजलेल्या वस्तीत फसते, आणि फसली की कुठे फसली हे कळत नाही. म्हणून मी ती टाळतो.

काही नव्या स्टिक ब्लूटूथवरूनही नाव-पासवर्ड घेतात. ती सोय असेल तर सगळ्यात सोपी तीच.

७. स्टिकच्या हॉटस्पॉटला फोन जोडला की लगेच सुटतो. असं का?

त्या हॉटस्पॉटवर इंटरनेट नसतं. फोनला ते कळतं आणि तो तुमच्या भल्यासाठी मोबाइल डेटावर किंवा घरच्या वाय-फायवर परत जातो. जोडणीपुरता मोबाइल डेटा बंद ठेवा, व्हीपीएन असेल तर तेही बंद करा, आणि "या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहू का?" असं विचारलं तर होकार द्या. तरीही सुटत असेल तर घरच्या वाय-फायसाठी 'आपोआप जोडा' हा पर्याय तेवढ्यापुरता बंद करा.

ॲपने हार मानली तर बऱ्याच स्टिकमध्ये ब्राउझरची वाटही असते. स्टिकच्या हॉटस्पॉटला जोडलेलं असताना तिचा पत्ता उघडायचा. अनेक स्टिकमध्ये तो `10.10.100.254` असतो आणि लॉगिन व पासवर्ड दोन्ही `admin`. तुमच्या स्टिकचा पत्ता वेगळा असेल तर तो माहितीपत्रकात सापडेल. या पानावर आसपासच्या नेटवर्कची यादी दिसते, आणि ती यादी फार बोलकी असते, कारण तिथे स्टिकला स्वतःला काय दिसतंय ते कळतं. तुमचं नाव त्या यादीत नसेल तर पासवर्ड कितीही वेळा बदललात तरी उपयोग नाही. आधी प्रश्न ९ पाहा.

८. फोन खरोखर २.४ वर आहे, तरी ॲप '५ गिगाहर्ट्झ आहे' असं म्हणतं किंवा नेटवर्कचं नावच दाखवत नाही.

नाव दिसत नसेल तर परवानग्या तपासा. अँड्रॉइडमध्ये वाय-फायचं नाव वाचण्यासाठी ॲपला लोकेशनची परवानगी लागते आणि फोनचं लोकेशन चालूही असावं लागतं. आयफोनमध्येही नावासाठी लोकेशन लागतं, शिवाय 'लोकल नेटवर्क'ची परवानगी वेगळी द्यावी लागते. सोलरचं ॲप लोकेशन कशाला मागतं असं वाटून अनेकांनी ते नाकारलेलं असतं. शंका चुकीची नाही, पण इथे ती परवानगी जोडणीपुरती द्यावीच लागते. नंतर काढून घ्या.

नाव दिसतंय पण बँड चुकीचा सांगत असेल, तर ॲप आधी वाचलेली माहिती धरून बसलेलं असू शकतं. ॲप पूर्ण बंद करा, फोनचं वाय-फाय बंद-चालू करा, मग ॲप उघडा. काही ॲप बँड न मोजता नुसतं नाव वाचतात आणि नावात `5G` दिसलं की अडवतात. तुमच्या २.४ च्या नावात चुकून ही अक्षरं असतील तर ती काढा.

९. ॲपने बँड मान्य केला, पासवर्डही बरोबर आहे, तरी शेवटी 'कनेक्शन फेल'. आता काय?

'फेल' या एका शब्दाआड तीन-चार वेगळी दुखणी असतात आणि ॲप ती वेगळी करून सांगत नाही. मी पुढच्या क्रमाने तपासतो.

आधी सुरक्षेचा प्रकार. राउटरवर २.४ साठी `WPA3` निवडलेलं असेल तर जुन्या स्टिकला आत येताच येत नाही. `WPA2/WPA3` असा मिश्र पर्याय दोन्हींना चालावा अशी अपेक्षा असते, पण काही स्टिक तिथेही अडखळतात. २.४ च्या बँडला `WPA2-PSK` आणि `AES` निवडा. `PMF` किंवा `Protected Management Frames` अशी वेगळी ओळ असेल तर ती `Required` वर नको. ५ चा बँड `WPA3` वरच राहू द्या, तिथे हात लावायचं कारण नाही.

मग नाव आणि पासवर्ड यांतली अक्षरं. साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे सगळीकडे चालतात. मोकळी जागा, `&`, `%`, अवतरणचिन्हं यांवर काही स्टिक अडतात. नाव देवनागरीत ठेवलं असेल तर ते बदलावं लागेल असं धरून चाला. वाय-फायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खातं. म्हणजे दहा चिन्हांतच जागा संपते, आणि स्टिकच्या पानावर ते नाव बहुधा धड दिसतही नाही.

तिसरं, चॅनेल. राउटर 'ऑटो'वर असेल तर तो कधी १२ किंवा १३ वर जाऊ शकतो. ज्या स्टिकमध्ये फक्त १ ते ११ चॅनेलच आहेत तिला मग तुमचं नेटवर्क दिसणारच नाही, जरी फोनला ते छान दिसत असलं तरी. चॅनेल हाताने १, ६ किंवा ११ ठेवा आणि रुंदी `20 MHz` करा. नवा वाय-फाय ६ राउटर असेल तर २.४ चा मोड `b/g/n` करून पाहा. काही जुन्या चिपना नव्या पद्धतीची घोषणा समजत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळं एकदम बदललं आणि जोडणी झाली, तर दोष कशात होता हे कधीच कळणार नाही, आणि पुढचा राउटर आला की पुन्हा अंधारात चाचपडावं लागेल.

१०. दोष स्टिकचा आहे की राउटरचा, हे पक्कं कसं कळेल?

दोन फोन घ्या. पहिल्या फोनवर हॉटस्पॉट सुरू करा, बँड २.४ ठेवा, नाव आणि पासवर्ड अगदी साधे द्या, उदाहरणार्थ `soltest` आणि `abcd1234`. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड निवडता येतो. आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनमध्ये `Maximize Compatibility` चालू केलं की हॉटस्पॉट २.४ वर येतो. हा फोन इन्व्हर्टरजवळ ठेवा आणि दुसऱ्या फोनवरच्या ॲपमधून स्टिक त्याला जोडा.

जोडली गेली आणि दहा-पंधरा मिनिटांत आकडे आले, तर स्टिक, इन्व्हर्टर आणि सर्व्हर तिन्ही ठीक आहेत. दोष राउटरच्या सेटिंगमध्ये किंवा अंतरात आहे. इथेही जोडली गेली नाही तर स्टिक रीसेट करून एकदा पुन्हा पाहा. तरीही नाही, तर बसवणाऱ्याला बोलवा आणि हा प्रयोग केल्याचं आवर्जून सांगा. त्याचा अर्धा तास वाचेल आणि "तुमचं वाय-फाय खराब आहे" हे उत्तर तुम्हाला ऐकावं लागणार नाही.

११. सगळं करून पाहिलं असं वाटतं, तरी जमत नाही. एखादं प्रत्यक्ष उदाहरण सांगाल का?

सांगतो. तीन मजली घर, राउटर तळमजल्यावर, इन्व्हर्टर गच्चीच्या जिन्याच्या खोलीत. स्टिक दोन वर्षं नीट चालली होती. नवा राउटर आला आणि ती बंद पडली. घरमालकांनी मला विचारलं तोपर्यंत ॲप चार वेळा काढून पुन्हा टाकून झालं होतं.

पहिली अडचण समोरच होती: एकच नाव, फोन ५ वर, ॲप पुढे जाऊ देत नव्हतं. बँड वेगळे केले, तो निरोप गेला. पण जोडणी शंभर टक्क्यांपर्यंत जाऊन 'फेल' व्हायची. स्टिकवरचा इन्व्हर्टरचा दिवा स्थिर होता, नेटवर्कचा लागतच नव्हता. म्हणजे इन्व्हर्टरशी बोलणं चालू होतं, राउटरशी नाही. प्रश्न १० मधला प्रयोग केला, तर फोनच्या हॉटस्पॉटला स्टिक मिनिटभरात जोडली गेली. मग राउटरवर पाहिलं, तिथे `WPA2/WPA3` मिश्र होतं. नुसतं `WPA2` केलं आणि पहिल्याच प्रयत्नात काम झालं.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण दुसऱ्या दिवशी दुपारपासून स्टिक पुन्हा मध्येच ऑफलाइन दिसू लागली. राउटरच्या यादीत स्टिकचा सिग्नल पाहिला तर उणे ८२ होता, म्हणजे फारच क्षीण; हे आकडे कसे वाचायचे ते प्रश्न १२ मध्ये आहे. जुना राउटर पहिल्या मजल्यावर जिन्याजवळ होता, नवा बसवताना तो खाली आला होता. मधल्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी एक रिपीटर लावला, सिग्नल उणे ६४ वर आला, आणि तेव्हापासून तक्रार नाही. एकाच घरात तीन वेगळे दोष एकामागून एक दडलेले होते. पहिला सुटल्याशिवाय दुसरा दिसतच नव्हता.

१२. इन्व्हर्टरपाशी सिग्नल किती असायला हवा? आणि कमी असेल तर?

सिग्नल उणे आकड्यांत मोजतात आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६५ पर्यंत निश्चिंत राहा. उणे ७५ च्या आसपास चालेल, पण दार बंद झाल्यावर तुटू शकेल. उणे ८० च्या पलीकडे भरवसा नाही. फोन स्टिकच्या शेजारी धरून मोजता येतो, पण फोनचा अँटेना स्टिकपेक्षा सरस असतो, म्हणून फोनवर दिसलेल्या आकड्यातून थोडं वजा करूनच धरा. राउटरच्या यादीत स्टिकचाच आकडा दिसत असेल तर तो खरा.

स्टिक लोखंडी पेटीत किंवा पत्र्याच्या आडोशाला असेल तर आधी तो अडथळा पाहा. पत्रा सिग्नलला भिंतीपेक्षाही वाईट अडवतो. पण पेटीला भोकं पाडणं किंवा इन्व्हर्टर हलवणं हे काम बसवणाऱ्याचं आहे, तिथे उच्च व्होल्टेजच्या डीसी तारा असतात. तुम्ही राउटर हलवा किंवा मध्ये रिपीटर लावा. रिपीटर इन्व्हर्टरपाशी ठेवू नका, वाटेत ठेवा. त्याला स्वतःला चांगला सिग्नल मिळाला तरच तो पुढे देईल. हेही जमत नसेल तर बऱ्याच इन्व्हर्टरसाठी लॅन केबलची किंवा सिमकार्डची स्टिक मिळते.

१३. जोडणी झाल्यावर बँड पुन्हा एकत्र केले तर चालेल का? आणि फोन २.४ वरच ठेवायचा का?

फोन खुशाल ५ वर न्या. त्याची अट फक्त जोडणीच्या त्या पाच मिनिटांपुरती होती. बँडही पुन्हा एकत्र करता येतात, जर २.४ चं नाव आणि पासवर्ड जसेच्या तसे राहणार असतील तर. स्टिकला एका नावाखाली दोन बँड असले तरी त्यांतला एकच दिसतो. मात्र एकत्र करताना काही राउटर सुरक्षेचा प्रकारही दोन्हींना सारखा करून टाकतात, आणि `WPA3` परत येतं. एकत्र केल्यानंतर एक दिवस स्टिकवर लक्ष ठेवा.

१४. राउटर बदलतोय. सगळं पुन्हा करावं लागेल का?

नव्या राउटरच्या २.४ ला जुनंच नाव, जुनाच पासवर्ड आणि `WPA2` द्या. लहान-मोठी अक्षरंसुद्धा तीच हवीत. स्टिक स्वतःहून जोडली जाईल, गच्चीवर जावंही लागणार नाही. नाव बदलायचंच असेल तर स्टिक रीसेट करावी लागू शकते. बटण सहसा रबरी झाकणाखाली असतं आणि काही सेकंद दाबून धरावं लागतं. नेमके किती, ते माहितीपत्रकात पाहा.

१५. संध्याकाळी स्टिक रोज ऑफलाइन होते. रात्री जोडायला गेलो तर हॉटस्पॉटच दिसत नाही.

बॅटरी नसलेल्या इन्व्हर्टरमध्ये हे साहजिक आहे. असे बरेच इन्व्हर्टर स्वतःसाठीची वीज पॅनेलकडूनच घेतात आणि स्टिक इन्व्हर्टरकडून घेते. सूर्य मावळला की सगळं झोपतं, सकाळी आपोआप जागं होतं. जोडणीचं काम चांगल्या उन्हात करा. पहाटे किंवा तिन्हीसांजेला इन्व्हर्टर चालू-बंद होत राहतो आणि जोडणी अर्ध्यावर तुटते. भर दुपारी, ऊन असताना ऑफलाइन दिसत असेल तरच ती काळजीची गोष्ट, आणि तेव्हा प्रश्न १२ पासून सुरुवात करा.

१६. स्टिक ऑनलाइन दाखवते, पण ॲपमध्ये सगळे आकडे शून्य किंवा रिकामे.

मग वाय-फायचा विषय संपला. ऑनलाइन म्हणजे स्टिक सर्व्हरपर्यंत पोहोचते आहे. आकडे नाहीत म्हणजे तिला इन्व्हर्टरकडून काही मिळत नाही. तिच्यावर सहसा दोन दिवे असतात, एक नेटवर्कचा आणि एक इन्व्हर्टरचा. दुसरा विझलेला असेल तर स्टिक सॉकेटमध्ये पूर्ण बसली आहे का, तिची चकती घट्ट फिरवली आहे का ते पाहा. पहिल्यांदाच जोडली असेल तर अर्धा तास थांबा. नव्या स्टिकचे आकडे दिसायला सुरुवातीला वेळ लागतो. नंतरही शून्यच राहिलं तर राउटरला हात लावू नका, बसवणाऱ्याशी बोला.

१७. जोडल्यानंतरही स्टिकचं स्वतःचं हॉटस्पॉट दिसत राहतं. ते धोक्याचं आहे का?

हो, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. बऱ्याच स्टिकचं हॉटस्पॉट जोडणीनंतरही चालूच राहतं. त्याला पासवर्ड नसेल किंवा `12345678` असेल, तर रस्त्यावर उभ्या असलेल्या कोणालाही तिच्या पानावर जाता येतं, आणि तिथे तुमच्या घरच्या वाय-फायचा तपशील असतो. जोडणी झाली त्याच दिवशी, हॉटस्पॉटला जोडलेले असतानाच, प्रश्न ७ मधलं पान उघडा. तिथे हॉटस्पॉटला स्वतःचा पासवर्ड द्या आणि `admin` लॉगिनचाही पासवर्ड बदला. दोन्ही कागदावर लिहून इन्व्हर्टरच्या कागदपत्रांसोबत ठेवा, राउटर बदलाल तेव्हा लागतील. पान तुमच्या मॉडेलमध्ये उघडत नसेल तर स्टिक गेस्ट नेटवर्कवर ठेवा. मग कोणी आत शिरलं तरी त्याच्या हाती फक्त पाहुण्यांचा पासवर्ड लागेल.